खरेदीचा हेतू

श्यामलाबाई मेहेंदळ्यांनी पडद्यावरचे आलेख शेवटपर्यंत बघितले, चष्मा काढला आणि विचारलं, "हे सगळं वर जातंय ते दिसलं. पण का जातंय, ते कुठं लिहिलंय?"

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या कचेरीत चौघं बसली होती. श्यामलाबाई, त्यांचा मुलगा सलिल, जाहिरात एजन्सीचा मालक दिग्विजय आणि त्याच्याकडे आकडेवारीचं काम करणारी उत्कर्षा वानखडे. बाजूच्या खोलीतून भाजलेल्या धन्यांचा वास येत होता.

श्यामलाबाई एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवत होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी थालीपिठाची भाजणी विकायला सुरुवात केली. सुरुवातीला ओळखीपाळखीत, मग पेठेतल्या चार दुकानांत. तीन वर्षांपूर्वी सलिलनं हिंजवडीची नोकरी सोडली, धंद्याला 'दळणवेळ' असं नाव दिलं, वेबसाइट काढली आणि आईला सांगितलं की आता दुकानात नाही, फोनवर विकायचं. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्यानं दिग्विजयच्या एजन्सीला इन्फ्लुएन्सरची मोहीम दिली होती. आज तिचा आढावा होता.

"मॅडम, ती डब्याचे व्हिडिओ करणारी इन्फ्लुएन्सर, कादंबरी, तिची रील व्हायरल गेली ना," दिग्विजय म्हणाला. "नऊ दिवसांत अठराशे साठ ऑर्डर्स. अर्न्ड मीडिया व्हॅल्यूच काढली तर..."

"ती काय असते?"

"म्हणजे एवढ्या लोकांपर्यंत पोचायला साधी जाहिरात केली असती तर जो खर्च आला असता, तो आपला फायदा."

"म्हणजे मी विमानानं दिल्लीला गेले नाही, तेवढे पैसे मी मिळवले," श्यामलाबाई म्हणाल्या. "वा."

उत्कर्षाला हसू आलं. तिनं मान खाली घातली, पण बाईंनी ते पाहिलं.

"तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हाला कळतं. असं करा, मला चित्रं नकोत. या इन्फ्लुएन्सर प्रकरणावर एक निबंध लिहून आणा. फायदे, धोके, परतावा कसा मोजला, आणि शेवटी तुमचं स्वतःचं मत. स्वतःचं, या साहेबांचं नव्हे. पुढच्या गुरुवारी."

सलिल वैतागला. "आई, कंपनी आहे ही, आठवी ब नाही."

"आठवी बमध्ये मुलं प्रश्न वाचून उत्तर लिहायची," बाई म्हणाल्या.

उत्कर्षा वाशीमची. अमरावतीला संख्याशास्त्रात एमएस्सी करून पुण्यात आली त्याला चार वर्षं झाली होती. विश्रांतवाडीत दोघींत एक खोली आणि बाणेरला ऑफिस. दोन बस बदलून जायचं. कामात ती चोख होती. मोहिमेचा सगळा सांगाडा तिनंच उभा केला होता. तीन इन्फ्लुएन्सर, तिघांना वेगळा कूपन कोड आणि वेगळी लिंक, आणि आधीच्या महिन्याची रोजची विक्री लिहून ठेवलेली, म्हणजे वाढ झाली तर ती कशाच्या तुलनेत हे सांगता येईल. दिग्विजयला यातलं फार काही नको असायचं. त्याला एक मोठा आकडा लागायचा.

खोलीवर बसून तिनं निबंध लिहायला घेतला, आणि तिचं तिलाच नवल वाटलं की लिहायला मजा येतेय. चार वर्षांत तिला कुणी मत विचारलं नव्हतं.

फायद्यांच्या भागात तिनं कोल्हापूरच्या वेणूबाईंबद्दल लिहिलं. अकरा हजार फॉलोअर असलेल्या निवृत्त अंगणवाडी सेविका. स्वयंपाकघरात उभं राहून बोलतात, कॅमेरा कधी कधी नुसत्या ओट्यावर असतो. त्यांच्या कोडवर फक्त एकशे चाळीस ऑर्डर आल्या, पण त्यातल्या जवळपास सगळ्या नव्या लोकांच्या, आणि त्यातल्या चाळीस जणांनी पुन्हा मागवलं. लोक वेणूबाईंना ओळखतात, त्या स्वतः खातात ते सांगतात, एवढंच त्यामागचं कारण. साध्या जाहिरातीला हा विश्वास विकत मिळत नाही.

उलट बाजूला मालिकेतली एक नटी. नऊ लाख फॉलोअर, व्हिडिओला सव्वा लाख लाइक्स आणि एकतीस ऑर्डर. तिच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया उत्कर्षानं उघडून पाहिल्या होत्या. निम्म्या अशा खात्यांच्या होत्या, ज्यांना ना फोटो ना मराठी. लाइक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, असं तिनं लिहिलं, आणि मग हे फारच दिग्विजयविरोधी होतंय का, म्हणून क्षणभर थांबून तसंच ठेवलं.

मग कादंबरी. पुण्याचीच, चार लाख फॉलोअर, रोज शाळेच्या डब्याचे व्हिडिओ करणारी तिशीतली हसरी मुलगी. तिच्या अठराशे साठ ऑर्डर उत्कर्षानं सोलून पाहिल्या. कोड वापरणाऱ्यांचे फोन नंबर जुन्या गिऱ्हाइकांशी ताडले तर सहाशे चाळीस आधीचेच निघाले. ते तसंही घेणारच होते, आता सवलतीत घेतलं इतकंच. सव्वादोनशे लोक कूपनं गोळा करणाऱ्या एका वेबसाइटवरून आले होते, त्यांनी कादंबरी बघितलीही नसेल. खरे नवे उरले हजाराच्या आत. शिवाय सलिलनं मोहिमेसाठी खास काढलेलं दोनशे ग्रॅमचं चाचणी पाकीट तोट्यात विकलं जात होतं. म्हणजे ते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं तरच त्याचा खर्च निघणार. तिनं वाक्य लिहिलं: 'खरा परतावा पहिल्या ऑर्डरमध्ये नाही, दुसऱ्या ऑर्डरमध्ये आहे.' ते वाक्य तिला फार आवडलं.

आता एक उदाहरण हवं होतं. एखादी खरी बाई, जिनं रील पाहिली, प्रश्न विचारला, घेतलं आणि पुन्हा घेतलं. बाईंना ते आवडेल.

त्यासाठी तिनं कादंबरीच्या रीलखालच्या प्रतिक्रियांची यादी उघडली. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिणाऱ्या लोकांपुढे सॉफ्टवेअर गोंधळत होतं, म्हणून तेवीसशे प्रतिक्रिया तिनं दोन दिवस बसून हातानं वर्गात टाकल्या होत्या. कौतुक, टीका, विनोद, खरेदीचा हेतू. ज्यात 'कुठं मिळेल', 'किती दिवसांत येईल', 'चालेल का' असं काही असेल ते खरेदीचा हेतू. त्या वर्गात चारशे बारा ओळी होत्या आणि आढाव्यात दिग्विजयनं त्याचाच हिरवा गोल सगळ्यात मोठा काढला होता.

तिनं ऑर्डरच्या यादीतली दोनदा घेतलेली नावं काढली आणि या चारशे बारांशी जुळवली. पहिलंच नाव होतं दीपमाला तायडे, धानोरी. आठ तारखेची प्रतिक्रिया. अकराला पाकीट पोचलं. एकोणीसला दुसरी ऑर्डर, तीही तीन पाकिटांची. अगदी हवं तसं. उत्कर्षानं मूळ प्रतिक्रिया उघडली.

'ताई माझ्या मुलीला सिलियाक आहे गव्हाचा कण पण चालत नाही. हे नक्की चालेल का प्लीज सांगा.'

खाली 'दळणवेळ'च्या खात्याचं उत्तर होतं: 'प्रेमाबद्दल आभार! घरगुती, शुद्ध, पौष्टिक. लिंक बायोमध्ये आहे.'

हे उत्तर उत्कर्षानंच लिहिलं होतं. 'चालेल का' हे शब्द दिसले की ते आपोआप जायचं.

तिनं रील लावली. याआधी तिनं ती डझनभर वेळा उघडली होती, आकडे बघायला. आवाज लावून पूर्ण ऐकली नव्हती. कादंबरी थालीपीठ उलटत म्हणत होती, "आणि मैत्रिणींनो, यात मैदा नाही, गहू नाही, एकदम ग्लुटेन-फ्री! डब्यात बिनधास्त द्या." ही जाहिरात आहे हे सांगणारा शब्द तीस हॅशटॅगच्या शेपटात सत्ताविसावा होता.

मेहेंदळ्यांच्या भाजणीत गहू होता. पहिल्या दिवसापासून होता. उत्कर्षानं कादंबरीला पाठवलेल्या टिपणात लिहिलं होतं, 'ज्वारी-बाजरीचा भर, मैदा नाही.' त्याचं हे झालं होतं.

ती उठून दारात जाऊन उभी राहिली. खोलीतली मैत्रीण म्हणाली, "काय गं?" ती म्हणाली, "काही नाही," आणि परत येऊन चारशे बारा ओळी एकेक करून वाचायला लागली. सिलियाकबद्दल, गव्हाच्या अॅलर्जीबद्दल विचारणाऱ्या त्रेचाळीस निघाल्या. त्रेचाळीस जणींनी विचारलं होतं. त्रेचाळीस जणींना लिंक मिळाली होती. त्यातल्या एकोणीस जणींनी घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, ती दिग्विजय यायच्या आधी त्याच्या केबिनपाशी उभी होती.

"रील काढायला लागेल. आत्ता."

त्यानं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला.

"अप्रूव्ह कुणी केली?" त्यानं विचारलं.

"तुम्ही. व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवला होता."

"मी कॅबमध्ये होतो यार. म्यूटवर बघितली." तो खुर्चीत मागे रेलला. "ओके. पण शुक्रवारी सलिलची इन्व्हेस्टर मीटिंग आहे. डेकमध्ये पहिल्या स्लाइडवर ही रील आहे. सोमवारी सकाळी काढू. तोवर कॅप्शन एडिट करतो, 'घटक तपासून घ्या' असं टाकतो."

"कॅप्शन कोण वाचतं? तुम्हीच म्हणता ना, कुणी वाचत नाही."

"उत्कर्षा, पाकिटावर इन्ग्रेडियंट्स असतातच ना? लीगली क्लायंट सेफ आहे."

तिनं चाचणी पाकीट बॅगेतून काढून टेबलावर ठेवलं. मोठ्या पाकिटावर गहू स्पष्ट लिहिलेला होता. या छोट्यावर घाईनं लावलेलं लेबल होतं: 'भाजलेली धान्ये, डाळी व मसाले. तपशिलासाठी स्कॅन करा.' स्कॅन केलं की विकत घ्यायचं पान उघडत होतं. घटक पार खाली होते.

दिग्विजयनं तिच्यासमोर सलिलला फोन लावला. सलिलचा आवाज तिलाही ऐकू आला. "अरे, दोन दिवस. फक्त दोन दिवस दे मला. तीन वर्षं घातलीत मी यात."

ऑफिसच्या जिन्यात जाऊन तिनं दीपमालाचा नंबर लावला. गिऱ्हाइकाचा नंबर असा वापरायचा नाही, हे नोकरीच्या करारात लिहिलेलं होतं.

"हॅलो, दीपमालाताई? मी दळणवेळकडून बोलते. तुम्ही ती भाजणी मुलीला देऊ नका. त्यात गहू आहे."

पलीकडे, मागे कुणाचं तरी नाव पुकारल्याचा आवाज आला.

"आता सांगता?" दीपमाला म्हणाली. "आमी कालपासून दवाखान्यात हाओत."

उत्कर्षा संध्याकाळी तिथं गेली. धानोरीच्या अलीकडचं चार मजली खाजगी इस्पितळ, मुलांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. दीपमालाची चिमी सात वर्षांची होती, दिसत होती पाचेकाची. हाताला सलाइन. बारा दिवस रोज डब्यात थालीपीठ गेलं होतं. आधी पोट दुखलं, मग जुलाब, मग पाणीसुद्धा ठरेना. दीपमाला मूळची अकोल्याकडची, नवरा चाकणला कारखान्यात. उत्कर्षाची बोली ऐकून ती क्षणभर आपलं माणूस भेटल्यासारखी बघायला लागली आणि लगेच तिनं नजर वळवली.

"दोन वर्सं झाले ताई, हिच्यासाठी घरात गहू आणला नाही," ती म्हणाली. "आमी दोघंबी पोळी खात नाही. शाळेत पोरी हिले चिडवतात, तुह्या डब्यात रोज भाकर. तं मी ते पाहालं. म्हटलं, बरं झालं, पोरीले काही वेगळं भेटलं. किती खुस होती. दोनदा मागून खाये." तिनं मुलीच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. "पोट दुखे तं मले वाटे बाहेरचं काही खाल्लं असन. अन् मी हेच घालत राहिली, हलकं हाय म्हणून. डाक्टर म्हणते, रक्तातला तो गव्हाचा आकडा पुन्हा वाढला. दोन वर्सात आतडं भरून आलं होतं थे गेलं."

"माझी चूक आहे," उत्कर्षा म्हणाली.

"पण मी इचारलं होतं ना?" दीपमाला पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघत म्हणाली. "मी तं घ्यायच्या आधी इचारलं होतं. तुमी वाचलं नाही का?"

वाचलं होतं. वाचून एका रकान्यात टाकलं होतं. उत्कर्षा उभीच होती. दीपमालानं तिला बस म्हटलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता ती एकटीच सदाशिव पेठेत गेली. दिग्विजयला कळवलं नाही. श्यामलाबाई धान्य निवडणाऱ्या दोघी बायकांशी बोलत होत्या. तिनं निबंध पुढे केला. सात पानं. बाईंनी उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली, आणि चौथ्या पानावर खाली बसल्या.

त्या पानापासून निबंधाचा सूर बदलला होता. धोक्यांच्या भागात तिनं लिहिलं होतं: 'आपण दुसऱ्याच्या तोंडून बोलतो, म्हणून आपलं बोलणं खोटं ठरलं तर ते त्याचं आहे असं समजतो. लोक मात्र ते आपलंच समजून खातात. जो विश्वास वेणूबाईंची भाजणी विकतो, तोच विश्वास कादंबरीचं चुकीचं वाक्य मुलांच्या डब्यात घालतो. तो आकड्यांत दोन्हीकडे सारखाच दिसतो.' आणि परताव्याच्या भागात, परवा रात्री आवडलेल्या वाक्याच्या जागी: 'आमच्या मोजमापात सर्वांत मौल्यवान गिऱ्हाईक ते, जे पुन्हा येतं. धानोरीच्या दीपमाला तायडे दोनदा आल्या. दुसरी तीन पाकिटं येईपर्यंत त्यांची मुलगी आजारी पडली होती. माझ्या तक्त्यात ते यश म्हणून नोंदलेलं आहे. ते मी नोंदलं.'

शेवटी मत एका ओळीत होतं. 'जे विचारलं जातं त्याला उत्तर द्यायला माणूस नसेल तर हा मार्ग वापरू नये.'

श्यामलाबाईंनी पानं जुळवून मांडीवर ठेवली.

"ही छोटी पाकिटं मी पाहिलीच नाहीत," त्या म्हणाल्या. "सलिल म्हणाला, नमुना आहे. मी अठरा वर्षं प्रत्येक पिशवीवर 'गहू आहे' असं हातानं लिहिलं. आमच्या समोरच्या नेन्यांच्या नातीला चालत नाही, म्हणून सुरू केलं होतं." त्यांनी आतल्या बायकांना हाक मारली. "आनंदीबाई, भट्टी बंद करा. आजपासून काही जाणार नाही."

मग त्यांनी सलिलला फोन केला. उत्कर्षाला फक्त त्यांची बाजू ऐकू आली. "नाही. आज. आत्ता." मग बराच वेळ ऐकणं. मग, "तुझी तीन वर्षं आहेत, मला मान्य आहे. ती मुलगी सातच वर्षांची आहे." मग शांतपणे, "तर मग मी पोलिसांत जाऊन स्वतःचं नाव देते. परवाना माझ्या नावावर आहे."

रील दुपारी दोनला उतरली. तोवर ती सव्वीस लाख वेळा पाहिली गेली होती, आणि लोकांनी उतरवून घेतलेल्या तिच्या प्रती व्हॉट्सअॅपवर फिरतच राहिल्या. त्या कुणाला परत घेता आल्या नाहीत.

पुढचे तीन दिवस दोघींनी फोन केले. आधी त्या एकोणीस, मग कोडवरचे बाकीचे सगळे. उत्कर्षानं यादी ऑफिसातून आणली होती. बाई एका फोनवर, ती दुसऱ्यावर, आनंदीबाई नंबर वाचून दाखवत. बहुतेकांना काही वाटलं नाही. "बरं, मग पैसे परत मिळतील का?" एवढंच विचारत. एकानं विचारलं, कोड अजून चालतो का. एकोणिसांपैकी सात मुलांना त्रास झाला होता. एका बाईनं श्यामलाबाईंना पाच मिनिटं शिव्या दिल्या. बाईंनी त्या पूर्ण ऐकल्या आणि शेवटी "बरोबर आहे तुमचं" म्हणून फोन ठेवला. मग उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आल्या.

सोमवारी दिग्विजयनं उत्कर्षाला बोलावलं. समोर तिच्या राजीनाम्याचा छापील कागद होता.

"क्लायंटचा डेटा तू बाहेर नेलास. हे मला दुर्लक्ष नाही करता येणार."

"क्लायंटकडेच नेला."

"क्लायंट सलिल आहे. त्याची आई नाही." त्यानं डोळे चोळले. "मला माहितीये तू बरोबर केलंस. पण उद्या दुसरा क्लायंट विचारेल ना, तुमच्याकडे माझा डेटा सेफ आहे का म्हणून. काय सांगू?"

"सांगा, मुलं सेफ आहेत."

त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. तिनं सही केली.

कादंबरीनं मात्र माफीचा व्हिडिओ केला. मेकअप न करता, जमिनीवर बसून, डोळ्यांत पाणी. "मला जे स्क्रिप्ट दिलं गेलं त्यावर मी विश्वास ठेवला," ती म्हणाली. ते खरं नव्हतं. टिपण उत्कर्षाकडे होतं, पण ते दाखवायचं कुणाला? व्हिडिओखाली हजारो बायकांनी लिहिलं, 'किती धाडस लागतं खरं बोलायला', 'वी लव्ह यू'. महिन्याभरात तिचे साठ हजार फॉलोअर वाढले आणि एका बेबीफूडच्या कंपनीनं तिला 'जबाबदार पालकत्व' अशा मालिकेसाठी घेतलं.

सलिलची गुंतवणूकदारांशी बैठक तीन महिने पुढे गेली, रद्द झाली नाही. डिसेंबरात विक्री कोसळली, फेब्रुवारीत पूर्वीपेक्षा थोडी वर आली. गुंतवणूकदारांच्या माणसानं तोच आलेख बघून समाधान व्यक्त केलं, की एवढं होऊनही ब्रँड तग धरतो म्हणजे पाया पक्का आहे. सलिलनं परवाना स्वतःच्या नावावर नवा काढला, वाकडला यंत्रांवर भाजणी सुरू केली आणि गव्हाशिवायचा एक वेगळा प्रकारही आणला, कारण चारशे बारा प्रतिक्रियांमधून त्या मालाला मागणी आहे हे दिसलंच होतं. तो प्रकार खरोखर गव्हाशिवायचा होता, वेगळ्या जागी, प्रयोगशाळेत तपासलेला. चांगला चालला. पाकिटावर अजूनही श्यामलाबाईंचा फोटो होता. त्यांनी काढायला सांगितलं, तर सलिल म्हणाला, आई, तुझ्या चेहऱ्यावरच लोकांचा विश्वास आहे.

त्या आणि सलिल एकाच घरात राहत होते. जेवायला वेगवेगळ्या वेळी बसत.

श्यामलाबाईंनी साठवलेल्या पैशांतून इस्पितळाचा खर्च दीपमालाला देऊ केला. दीपमालाच्या नवऱ्यानं तो घेतला. दीपमाला समोर आली नाही. पुढे जानेवारीत उत्कर्षानं चिमी कशी आहे म्हणून संदेश पाठवला. त्याला दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला कळत होतं की उत्तर मिळण्याचा हक्क तिचा नाही.

तिनं चार महिने नोकरी शोधली. बचत संपत आली, खोलीतल्या मैत्रिणीकडून एकदा भाड्याचे पैसे घेतले, वाशीमला काही सांगितलं नाही. मार्चमध्ये खराडीच्या एका मोठ्या कंपनीत मुलाखतीची तिसरी फेरी झाली. समोर दोघं होते, एक बाई आणि एक तरुण. तरुणानं तिचा कागद बघता बघता मान वर केली.

"दळणवेळ? ती कादंबरीवाली कॅम्पेन तुमची होती?"

उत्कर्षा म्हणाली, "हो."

"आम्ही केस स्टडी वाचली ना. दिग्विजय सरांनी कॉन्फरन्सला प्रेझेंट केली. मायक्रो विरुद्ध मॅक्रो, छोट्या-मोठ्या इन्फ्लुएन्सरची तुलना, कोडमधून जुनी गिऱ्हाइकं वेगळी काढणं, रिपीट ऑर्डरवर खरा परतावा. खूप क्लीन काम होतं. ते तुम्ही केलं?"

"त्यात सात मुलं आजारी पडली," ती म्हणाली. "ते होतं का केस स्टडीत?"

"हो हो, शेवटी होती एक स्लाइड. क्रायसिस रिस्पॉन्स," तरुण म्हणाला. बाईनं सहानुभूतीनं मान हलवली. "तुम्ही स्वतः फोन केलेत ना गिऱ्हाइकांना? वी लाइक दॅट. ओनरशिप."

ती बोलायला लागली. तिनं दीपमालाचं सांगितलं, रकान्याचं सांगितलं, आपोआप जाणाऱ्या उत्तराचं सांगितलं. दोघं अतिशय लक्षपूर्वक ऐकत होते. तरुणानं एक-दोन गोष्टी लिहूनही घेतल्या. ती थांबली तेव्हा त्यानं विचारलं, "आणि हे टाळण्यासाठी तुम्ही प्रोसेसमध्ये काय बदलाल?"

प्रश्न योग्य होता. तिच्याकडे त्याचं उत्तरही होतं. रील प्रसिद्ध होण्याआधी आवाजासकट लेखी मंजुरी, दाव्यांची यादी मालकानं सही केलेली, आजाराचा शब्द आला की आपोआप उत्तर बंद आणि माणसाकडे फोन. तिनं ते नीट, क्रमानं सांगितलं. सांगताना आपला आवाज स्थिर आहे, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"एक्सलंट," तो म्हणाला.

दोन दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. पगार आधीच्या दीडपट होता. उत्कर्षानं ते दोनदा वाचलं, मैत्रिणीचे पैसे कधी फिटतील याचा हिशेब केला आणि संध्याकाळी सातच्या आत 'स्वीकारते' असं कळवून टाकलं.